जुळ्या भावाचा शोध : फेरफारापासून भेटीपर्यंत

माझा जुळा भाऊ दीड वर्षाचा असताना दत्तक दिला गेला, ही गोष्ट आमच्या घरात कधी लपवली गेली नव्हती. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. वडील सालदार होते, १९७४ मध्ये आम्ही दोघे जन्मलो तेव्हा घरात आधीच तीन मुले होती आणि बाळंतपणानंतर आईची प्रकृती फारच खालावली होती. नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने वरूड तालुक्यातले एक निपुत्रिक शेतकरी जोडपे सुचवले. पुढे संबंध ठेवायचा नाही, असा शब्द दोन्ही घरांनी एकमेकांना दिला. तो मध्यस्थ वारल्यावर आमच्याकडे त्या शेतकऱ्याचे नाव, आडनाव आणि तालुका एवढेच उरले; गावाचे नाव आईच्या लक्षात नव्हते. वडील गेल्यानंतर आईने शोध घ्यायला सांगितले, पण एका अटीवर : तो सुखात आहे एवढेच कळावे, त्याच्या घरात आपल्यामुळे वादळ उठू नये.

दत्तकाचा कागद सापडेल या आशेने मी प्रथम एका वकिलांकडे गेले. त्यांनी सांगितले की १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे आवश्यक असते, लेखी पत्र अनिवार्य नसते. म्हणून खेड्यांतली अशी कितीतरी दत्तके केवळ तोंडी राहिली आहेत. संस्थेमार्फत दत्तक गेलेल्या व्यक्तीला आपले मूळ शोधण्यासाठी ठरलेली सरकारी पद्धत आहे, पण ती दत्तक गेलेल्याने स्वतः अर्ज करण्याची आहे, त्याच्या बहिणीने नव्हे. आमच्या प्रकरणात तर संस्थाच नव्हती.

मग जमिनीच्या कागदांचा विचार सुचला. ते गृहस्थ शेतकरी होते, तेव्हा त्यांचे नाव कोणत्या तरी सातबाऱ्यावर असणार, आणि ते हयात नसतील तर वारसांची नावे लागलेली असणार. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहायला पैसे लागत नाहीत. मात्र जिल्हा, तालुका आणि गाव निवडल्याशिवाय नावाने शोध घेता येत नाही. त्यामुळे वरूड तालुक्यातले एकेक गाव निवडून आडनावाने शोधत जावे लागले. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात फसगतही होते, कारण एकाच आडनावाची माणसे गावोगाव असतात आणि वडिलांचे नाव मधल्या नावात येत असल्याने तेच नाव अनेक ठिकाणी जुळते. माझ्याही यादीत अनेक नावे जमली.

त्यातून निवड करायला वारस फेरफार उपयोगी पडला. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो, आणि त्या फेरफारात मूळ खातेदार केव्हा वारला, त्याला वारस कोण आणि प्रत्येकाचे नाते काय, हे लिहिलेले असते. बहुधा वयही असते. ज्या नोंदींत तीन-चार मुलगे व मुली वारस होते त्या मी बाजूला ठेवल्या. एका गावातल्या फेरफारात पत्नी आणि एकच मुलगा एवढेच वारस होते, आणि मुलाचे वय माझ्या वयाशी जवळपास जुळत होते. तंतोतंत जुळावे अशी माझी अपेक्षाही नव्हती, कारण त्या काळी जन्माचा दाखला नसला की शाळेत गुरुजी अंदाजाने १ जून किंवा १ जुलै अशी तारीख लिहीत आणि पुढचे सगळे कागद त्यावरूनच तयार होत. आमच्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीत मात्र एकाच तारखेच्या लागोपाठ दोन नोंदी होत्या, एक मुलाची व एक मुलीची, आणि नावाचा रकाना दोन्हीकडे रिकामा होता. त्या नोंदींची नक्कल मी काढून ठेवली.

येथपर्यंतचे काम कागदांचे होते. खरी जबाबदारी इथून पुढे सुरू झाली. वकिलांनी एक धोका स्पष्ट करून सांगितला होता. दत्तक झाल्यापासून ते मूल कायद्याने सर्वार्थाने दत्तक घराचेच होते, पण कोणी आक्षेप घेतला तर दत्तक झाल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यावर हक्क सांगणाऱ्यावर येते. भावाच्या नावावर शेत होते आणि त्याला चुलत भाऊ असणे अगदी शक्य होते. मी गावात जाऊन सरपंचांकडे किंवा पोलीस पाटलांकडे चौकशी केली असती तर संध्याकाळपर्यंत ती गोष्ट पारावर पोहोचली असती, आणि तोंडी दत्तकावर उभा असलेला त्याचा वारसा वादात सापडला असता. शिवाय आपण दत्तक आहोत हे त्याला ठाऊक आहे की नाही, हेही आम्हाला माहीत नव्हते.

म्हणून त्याला न भेटता आधी त्याच्या आईला भेटायचे ठरले, कारण दिलेला शब्द त्यांच्याशी होता. माझ्या बचत गटातल्या एक निवृत्त शिक्षिका एकट्या त्यांच्याकडे गेल्या. आम्ही त्यांच्यासोबत कागद पाठवला नाही, फोटोही नाही. निरोप एवढाच होता की त्याची जन्मदाती हयात आहे, तिची कसलीही मागणी नाही, आणि उत्तर द्यायचे नसेल तर पुन्हा कोणी येणार नाही. त्या माउलींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्याला दत्तकाचे माहीत होते, लग्नाच्या वेळी त्यांनीच सांगितले होते. जुळी बहीण आहे हे मात्र त्यांनी सांगितलेले नव्हते. "आंबिया बहाराची तोड होऊ दे, मंग सांगतो मी त्याले," असे त्या म्हणाल्या. संत्र्याची ती तोड दिवाळीच्या आगेमागे असते, म्हणजे आम्हाला काही महिने थांबायचे होते. ते थांबणे आईला जड गेले, पण घाई करण्याचा हक्क आमचा नव्हता.

तोड आटोपल्यावर त्याचाच फोन आला. डीएनए तपासून खात्री करू, ही सूचना त्याची होती आणि मला ती योग्य वाटली. लोकांना वाटते की जुळे म्हणजे चेहरा सारखाच असणार. परंतु मुलगा आणि मुलगी अशी जुळी दोन वेगळ्या बीजांपासून झालेली असतात, त्यामुळे त्यांचे साम्य एरवीच्या भावंडांइतकेच असते. आमचे चेहरे वेगळे आहेत. केवळ भावंडांचे नमुने तपासले तर उत्तर संभाव्यतेच्या भाषेत मिळते आणि कधी ते अर्धवटच राहते. आईचा नमुना मिळाला तर प्रश्न सरळ होतो, कारण तपासलेल्या प्रत्येक ठिकाणी मुलाचा एक अंश आईशी जुळायलाच हवा. गालाच्या आतून कापसाच्या काडीने आम्हा तिघांचे नमुने घेतले गेले. न्यायालयात चालणारी तपासणी वेगळी असते, तिथे ओळख पटवून साक्षीने नमुने घेतात. आम्हाला त्याची गरज नव्हती. अहवालात आई आणि मुलाचे नाते जुळले.

भेट त्याच्या घरी, त्याच्या आईच्या बोलावण्यावरून झाली. दोन्ही आया बराच वेळ त्याच्या लहानपणीच्या दुखण्यांविषयीच बोलत होत्या. त्याने मला आपल्या घराण्यात साखरेचा आणि रक्तदाबाचा आजार कोणाकोणाला आहे, ते विचारून घेतले, कारण डॉक्टरांच्या या प्रश्नाला त्याच्याकडे आजवर उत्तर नव्हते.

मी जन्मनोंदीची नक्कल दाखवली तेव्हा रिकाम्या रकान्यात त्याचे नाव भरून घ्यावे असे आईला वाटले. त्याने नकार दिला आणि तो मला पटला. शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत त्याचे नाव दत्तक वडिलांच्या नावासह आहे. नोंदवहीत जन्मदात्यांच्या नावापुढे ते लागले असते तर एकाच माणसाचे परस्परविरोधी दोन कागद तयार झाले असते. त्याऐवजी त्याच्या आईने दत्तक कधी आणि कोणासमक्ष घेतले याचे प्रतिज्ञापत्र हयातीतच करून ठेवावे, असे वकिलांनी सुचवले, आणि मूल आपण स्वखुशीने हाती दिले असे माझ्या आईनेही सोबत लिहून दिले. दोन्ही प्रतिज्ञापत्रे त्याच्याकडे आहेत.