वळणदार अक्षर, साधं अक्षर आणि एक शुभेच्छापत्र

मामेबहिणीच्या मैत्रिणीच्या लग्नाचा पहिला वाढदिवस होता आणि कार्ड मी करायचं असं परस्पर ठरलं. घडी घातल्यावर ए६, म्हणजे १०५ बाय १४८ मिलिमीटर. बाहेर 'हार्दिक शुभेच्छा', आत दोघांची नावं, तारीख आणि चार ओळींचा मजकूर. बहिणीची एकच अट होती, सगळं कसं लफ्फेदार दिसलं पाहिजे. मी वळणदार अक्षरासाठी अमिता आणि साध्या मजकुरासाठी मुक्ता हे फॉन्ट घेतले. अमितामध्ये बोरूच्या फटकाऱ्यासारखी जाड-बारीक रेघ आहे, मुक्ता जवळजवळ एकसारख्या जाडीचा. असा उघड फरक असला की जोडी जमते. दोन्ही हस्ताक्षरासारखे घेतले तर कोण मुख्य, कोण दुय्यम तेच कळत नाही.

वळणदार फॉन्ट निवडताना मी मुळाक्षरांचा तक्ता बघतच नाही, त्यात सगळेच फॉन्ट देखणे दिसतात. हवे तेच शब्द टाइप करून बघते. 'हार्दिक'मधलं 'र्दि' ही खरी परीक्षा. पहिल्या वेलांटीची कमान आणि रफार, दोघांना 'द'च्या डोक्यावर एकाच जागी बसायचं असतं. माझ्या यादीतल्या एका फॉन्टमध्ये ते एकमेकांत असे गुंतले होते, की 'हादिक' वाचावं की 'हार्दीक' ते कळेना. दुसऱ्यात 'च्छ'ची जोडणीच तुटून पाय मोडलेला 'च्' दिसत होता. आतल्या मजकुरात 'साऱ्यांकडून' होतं, म्हणून साध्या फॉन्टमध्येही 'ऱ्या' नीट येतो का ते पाहिलं. मराठीला हा अर्धा र लागतोच, आणि तो प्रत्येक फॉन्टमध्ये धड असेलच असं नाही.

मग नावांचा प्रश्न आला. बहीण म्हणाली, "अगं ताई, निदान नावं तरी वळणदार असू देत की!" मी 'मृणाल' दोन्ही फॉन्टमध्ये छापून, कार्डाबद्दल काहीच माहीत नसलेल्या शेजारच्या काकूंना हातभर अंतरावरून दाखवलं. वळणदार अक्षरातलं त्यांनी 'मुणाल' वाचलं, कारण ऋकाराचं टोक खाली लांबवताना उकारासारखं वळलं होतं. 'शुभेच्छा' मात्र क्षणात वाचलं. आता 'शुभेच्छा' कोणी अक्षर लावून वाचत नाही, शब्दाचा आकार ओळखीचा असतो. नावाचा, तारखेचा, पत्त्याचा असा अंदाज बांधता येत नाही. म्हणून माझ्या मते लफ्फेदार अक्षर फक्त अंदाजाने वाचता येणाऱ्या शब्दांना द्यावं. नावं मी मुक्ताच्या सेमीबोल्डमध्ये १६ पॉइंटला ठेवली, आणि बहीण थोडी रुसून का होईना, तयार झाली.

बाहेरचे दोन शब्द एका ओळीत मावत होते, पण दोन्ही बाजूंना जागा उरत होती. ती भरायला अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह होतो. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो, तेव्हा ते अंतर शून्यच बरं. मी शब्द दोन ओळींत लावून आकार ४४ पॉइंटपर्यंत वाढवला. 'हार्दिक'ला खाली उकार, ऋकार काहीच नाही, त्यामुळे 'शुभेच्छा'ची मात्रा वरच्या ओळीजवळ सरकली तरी कशाला धडकत नाही. ओळी उलट्या क्रमाने असत्या, तर वरच्या ओळीखाली 'शु'चा उकार आणि खालच्या ओळीवर रफार, त्यामुळे ओळी इतक्या जवळ आणताना जपावं लागलं असतं.

आतल्या मजकुराला १०.५ पॉइंट आकार आणि १६ पॉइंट ओळ-अंतर दिलं. इंग्रजीच्या सवयीने १३ वगैरे ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा भिडतात. एक वाक्य मावत नव्हतं, ते गाळलं. अक्षर बारीक करणं मला पटत नाही, कार्ड वाचणारे आजी-आजोबाही असतात.

छापण्यापूर्वी नमुना प्रत्यक्ष आकारात आणि त्याच कागदावर काढला. पडद्यावर मोठं करून पाहिलेलं काही खरं नसतं. कागद जाड आणि बिनचकाकीचा होता, तो शाई पितो. मुखपृष्ठावर गडद निळ्यावर पांढरी अक्षरं होती, तिथे भोवतालची शाई आत सरकून अमिताच्या बारीक रेघा जागोजागी तुटल्या, 'भ'ची गाठही बुजली. अमिताचा बोल्ड घेतल्यावर रेघा टिकल्या. मागच्या बाजूला त्याच निळ्यावर पाठवणाऱ्यांची नावं ९ पॉइंटमध्ये होती, तिथे मुक्ताचा रेग्युलर काढून मीडियम लावला. आतलं पान पांढऱ्यावर काळं, तिथला मजकूर रेग्युलरमध्येच राहू दिला.