दिवाळी पहाटेचं पोस्टर चौकोनात बसवताना: कामाची नोंद

सोसायटीच्या दिवाळी पहाटेचं छापील पोस्टर पक्कं झालं आहे. ए-थ्री, उभं, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर. आता त्याची फोनवर पाठवायची चौकोनी आवृत्ती हातात आहे, १०८० बाय १०८० पिक्सेलची. पहिला चौकोन तयार आहे आणि दुसऱ्याचं काम अर्धं झालंय. पोस्टर करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून इथवरची नोंद लिहून ठेवते.

आधी दोन सोपे मार्ग मोजून पाहिले, कारण समितीकडून सूचना तीच होती: "आहे तेच चौकोनी करून दे." पहिला मार्ग, पोस्टरची पूर्ण रुंदी ठेवून कापायचं. मग ४२० पैकी फक्त २९७ मिलिमीटर उंची उरते आणि १२३ मिलिमीटर जाते. आमच्या पोस्टरवर स्थळ आणि प्रवेशिका तळाच्या पट्टीत आहेत, तर शीर्षकाचं सुलेखन अगदी वर. दोन्ही राखता येत नाहीत. दुसरा मार्ग, अख्खं पोस्टर लहान करून चौकोनात ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना रंगाच्या पट्ट्या भरायच्या. यात काही कापलं जात नाही, म्हणून समितीला तो फार आवडतो. पण ४२० मिलिमीटर १०८० पिक्सेलमध्ये बसवले की एका मिलिमीटरच्या वाट्याला अडीच पिक्सेल येतात. पोस्टरवर तारखेचं अक्षर ९ मिलिमीटर उंच आहे, त्याचे २३ पिक्सेल होतात. स्थळाचं अक्षर ६ मिलिमीटर, त्याचे जेमतेम १५.

हे पिक्सेल फोनवर किती दिसतात ते पट्टीने मोजलं. माझ्या फोनवर व्हॉट्सॲपच्या संभाषणात चित्र न उघडता जेवढं दिसतं, त्याची रुंदी साधारण ५० मिलिमीटर आहे. म्हणजे १०८० पिक्सेलचं चित्र पन्नास मिलिमीटरमध्ये, एका मिलिमीटरला जवळजवळ २२ पिक्सेल. तारीख एक मिलिमीटर उंच दिसणार आणि स्थळ त्याहूनही बारीक. चित्र उघडून बोटांनी मोठं करता येतं हे खरं, पण ग्रुपमध्ये पन्नास निरोप साचलेले असताना माणूस आधी न उघडताच नजर टाकतो, आणि उघडायचं की नाही ते तिथेच ठरतं. म्हणून मी एक माप धरलं. ज्याच्यावाचून माणूस कार्यक्रमाला पोहोचू शकत नाही, ते अक्षर न उघडलेल्या चित्रात दोन मिलिमीटरपेक्षा कमी दिसायचं नाही. म्हणजे चौकोनात ४४ पिक्सेल, शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत, मात्रा आणि उकार सोडून.

इंकस्केपमधला फॉन्टचा आकडा म्हणजे ही उंची नव्हे. त्या आकड्यात वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते आणि प्रत्येक फॉन्टमध्ये ती वेगळी. म्हणून ४४ पिक्सेल उंचीचा एक लाल आयत काढून तो वेगळ्या थरावर ठेवला आहे. कुठल्याही ओळीशेजारी सरकवायचा आणि 'स' किंवा 'म' त्याच्याएवढा आहे का ते पाहायचं. निर्यात करताना तो थर बंद.

या मापाने जागा फार लवकर संपते. पोस्टरवर होतं ते असं: शीर्षक, दोन गायकांची नावं आणि छायाचित्रं, चार साथीदार, निवेदक, तिथी, वार, तारीख, वेळ, तीन ओळींचा पत्ता, प्रवेशिकांची सूचना, क्यूआर कोड, संपर्क क्रमांक, सात प्रायोजक आणि समितीची नावं. सगळं ४४ पिक्सेलमध्ये लिहिलं तर दोन चौकोनही पुरणार नाहीत. तेव्हा काय चित्राखालच्या मजकुरात जाईल, काय दुसऱ्या चौकोनात, आणि काय कुठल्याही परिस्थितीत पहिल्या चित्रातून हलणार नाही, हे ठरवावं लागलं.

चित्राखाली लिहिलेला मजकूर चित्राला चिकटून राहीलच याचा भरवसा नाही. कोणी चित्र गॅलरीत जतन करून दुसऱ्या ग्रुपवर टाकलं किंवा स्टेटसला लावलं की मजकूर मागे राहतो. म्हणून काय, कोण, केव्हा, कुठे आणि आत कसं यायचं, या पाच गोष्टी चित्रातच. उलट संपर्क क्रमांक, नकाशाचा दुवा आणि पूर्ण पत्ता मजकुरात, कारण तिथे बोट लावलं की फोन लागतो, नकाशा उघडतो. चित्रातल्या आकड्यावर बोट लावून सहसा काही होत नाही. क्यूआर कोड मी काढूनच टाकला. भिंतीवरच्या पोस्टरसमोर उभं राहून फोनने तो टिपता येतो. पण चित्र त्याच फोनच्या पडद्यावर असेल तर टिपणार कशाने? चित्रातून कोड वाचण्याच्या सोयी आहेत, पण आमच्या श्रोत्यांतल्या बऱ्याच जणांना त्या माहीत नाहीत. त्याने अडवलेली जागा तारखेला मिळाली.

साथीदार आणि प्रायोजकांवर बरीच चर्चा झाली. सेक्रेटरी काकांचं म्हणणं होतं, "अगं, ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं नाहीत असं चित्र मी फिरवू कसं?" त्यांची अडचण खरी आहे. मी त्यांना सात प्रायोजकांची पट्टी असलेला नमुना त्यांच्याच फोनवर पाठवला आणि त्यातली नावं न उघडता वाचायला सांगितली. एकही नाव लागेना. मग ठरलं की पहिल्या चौकोनात मुख्य प्रायोजकाची एक ओळ नीट वाचता येईल अशी ठेवायची आणि बाकी सगळे दुसऱ्या चौकोनात, ठळक. साथीदारांनाही तिथे त्यांच्या वाद्यासह मोठ्या अक्षरात जागा मिळते आहे. बारा पिक्सेलमध्ये नाव छापण्यापेक्षा हा मान मला जास्त खरा वाटतो.

आता तारीख. पोस्टरवर एकच लांब ओळ आहे: 'नरक चतुर्दशी, सोमवार दि. २० ऑक्टोबर २०२५ रोजी पहाटे ठीक ५.३० वाजता'. छापील पोस्टरवर ती शोभते. चौकोनात तिचे तीन तुकडे केले. 'सोमवार, २० ऑक्टोबर' ७० पिक्सेलमध्ये, त्याखाली 'पहाटे साडेपाच' तेवढंच मोठं, आणि तिसरी ओळ 'नरक चतुर्दशी, २०२५' ४४ मध्ये. तिथी काढायचा विचार होता, पण पहाटेच्या कार्यक्रमात 'त्या दिवसाची पहाट की त्या रात्रीनंतरची?' असा घोळ होतो. अभ्यंगस्नानाचा दिवस म्हटलं की तो मिटतो. वर्षही मुद्दाम ठेवलं, कारण फिरणारी चित्रं पुढच्या दिवाळीत पुन्हा उगवतात.

वेळ अक्षरी लिहिण्याचं कारण चाचणीत सापडलं. '५.३०' मधला टिंब लहान आकारात पार पुसला जातो आणि ५३० उरतं. विसर्गासारखे दोन टिंब दिले तरी ते आकड्यांना चिकटतात. 'साडेपाच' मध्ये पुसण्यासारखं काही नाही.

अक्षरासाठी 'मुक्त' हा फॉन्ट घेतला आहे, 'एक टाइप' या संस्थेचा. त्यात सात वजनं आहेत, त्यामुळे अंदाज घेता येतो. लहान ओळींना सर्वांत जाड वजन द्यायचा मोह होतो, पण देवनागरीत तो महाग पडतो. 'ध', 'थ', 'क्ष', 'ष्ठ' यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात आणि ठिपका दिसतो. लहान ओळींना सेमीबोल्ड, मोठ्यांना बोल्ड असं जमलं. गडद पार्श्वभूमीवर फिकट अक्षर आहे त्यापेक्षा जाड भासतं, हेही लक्षात घेतलं. ओळींमधलं अंतर इंग्रजी मजकुराच्या सवयीने ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मी फॉन्टच्या आकाराच्या १.३५ पट अंतर ठेवते आहे.

छपाईवाल्यांकडून आलेल्या फाइलमधला मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. तो उचलून चिकटवला की भलतीच चिन्हं उमटतात, त्यामुळे सगळं नव्याने टंकलं. अशा वेळी नावांतल्या ऱ्हस्व-दीर्घाची खात्री एकट्याने होत नाही. बहिणीने छापील पोस्टर मोठ्याने वाचलं आणि मी पडद्यावर ताडून पाहिलं.

रंगात एक मोठा बदल करावा लागला. पोस्टरवर जांभळ्या आकाशावर केशरी अक्षरं आहेत, कागदावर फार देखणी. पण व्हॉट्सॲप चित्र दाबून जेपेग करतो आणि त्या दाबण्यात उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी राखला जातो, रंगाचा तपशील मात्र निम्म्यावर येतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत फरक रंगाचाच असेल, उजळपणाचा नसेल, तर कडा धुरकट होतात. ओळखायचं कसं? चित्र कृष्णधवल करून लहान करायचं. तिथे अक्षर वाचता आलं तर ते दाबण्यातूनही वाचतं. मी इमेजमॅजिकने हे एका ओळीत करते:

```
magick chaukon.png -colorspace Gray -resize 360x360 -quality 50 chachani.jpg
```

केशरी आणि जांभळं दोन्ही जवळजवळ एकाच राखाडीत गेले. जांभळा आणखी गडद केला आणि अक्षरं फिकट सायीच्या रंगाची घेतली. केशरी आता फक्त आकाशकंदिलात आहे, तिथे कडा थोड्या मऊ झाल्या तरी बिघडत नाही.

कंदिलाचीही मांडणी बदलली. पोस्टरवर तो वरून लोंबतो आणि त्याच्या झिरमिळ्या निम्म्या उंचीपर्यंत येतात. चौकोनात तेवढी उंची नाही. अख्खा कंदील लहान केला तर तो चिन्हासारखा दिसतो. म्हणून आकार मोठाच ठेवून तो डाव्या वरच्या कोपऱ्यात अर्धा बाहेर जाऊ दिला. षटकोनी कड आणि आतला उजेड दिसला की कंदील ओळखू येतो. खालची समई आणि रांगोळी काढली. गायकांची छायाचित्रंही काढली. दोन चेहऱ्यांची जागा दोघांच्या नावांना दिली, कारण आमच्याकडचे श्रोते नावानेच येतात. चारही बाजूंना ६० पिक्सेल मोकळे आहेत, कारण संभाषणात चित्राचे कोपरे गोल होतात.

पक्कं चित्र स्वतःलाच पाठवलं, तिथून दुसऱ्या फोनवर, तिथे जतन करून परत पाठवलं, असं काही वेळा. नुसतं पुढे पाठवण्याने चित्र फारसं बिघडत नाही, जतन करून नव्याने टाकलं की प्रत्येक वेळी पुन्हा दाबलं जातं. शेवटची प्रत जुन्या फोनवर, उजेड कमी करून, हातभर अंतरावर धरून वडिलांना चष्म्याशिवाय दाखवली. तारीख, वेळ, दोन्ही नावं लागली. 'प्रवेशिका कार्यालयात' ही ओळ लागली नाही. ती ३६ पिक्सेलची ठेवली होती, आता ४४ वर नेली आणि त्यासाठी स्थळाच्या दोन ओळींची एक केली: 'सोसायटीचं पटांगण, मागचं फाटक'. बाहेरच्यांना खरी गरज फाटकाचीच असते.

दुसऱ्या चौकोनात साथीदारांचा भाग झालाय. प्रायोजकांची सात चिन्हं सात आकारांची आणि सात रंगांची आहेत, काही तर पांढऱ्या चौकटीसकट आली आहेत. ती एका फिकट पट्टीवर सारख्या उंचीत नाही, तर सारख्या क्षेत्रफळात बसवून पाहणार आहे, म्हणजे आडवं लांब चिन्ह बाकीच्यांपेक्षा फार मोठं दिसणार नाही. ते जमलं की दोन्ही चित्रं एकत्र काकांकडे पाठवायची आहेत.