समोर वाचणारा बदलला

आज शॉर्टफिल्मच्या ऑडिशन्स झाल्या, मोठ्या बहिणीच्या भूमिकेसाठी. 18 जणी आल्या होत्या. साइड्स म्हणून दीड पानाचा एकच सीन सगळ्यांना तीन दिवस आधी पाठवला होता. बहीण भावाला घर विकल्याचं सांगते आणि मध्येच बोलायची थांबते. ती थांबायची जागा कोण कशी भरतं, तेच मला बघायचं होतं.

प्रत्येकीने दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी फक्त एक सूचना दिली, "त्याला हे आधीच माहीत आहे असं समज." पहिल्यांदा डोळ्यांत पाणी आणणाऱ्या काही जणींनी दुसऱ्यांदाही तेच केलं, त्याच शब्दावर. सातवी मुलगी आधी सपाट वाटली होती. सूचनेनंतर मात्र तिने भावाकडे बघणंच सोडलं आणि हातातल्या कागदाला घड्या घालत राहिली. तिला कॉलबॅक, म्हणजे पुढच्या फेरीचं बोलावणं!

भावाचे संवाद वाचणारा मित्र दुपारी निघून गेला आणि त्याच्या जागी मी बसले. मी भराभर वाचलं, त्यामुळे शेवटच्या 5 जणींना थांबायला जागाच मिळाली नाही. रेकॉर्डिंग बघताना हे लक्षात आलं. आम्ही तिघांनी चर्चेआधीच आपापल्या कागदावर गुण लिहिले होते आणि तिन्ही कागदांवर नेमक्या त्याच जणी खाली होत्या. फार वाईट वाटलं.

आत्ताच त्या पाचही जणींना फोन केले. कॉलबॅकच्या आधी त्या पुन्हा वाचतील, त्याच मित्रासमोर. तोपर्यंत यादी बंद करणार नाही.