सेक्रेटरी वाचून दाखवतील तेव्हा

तुम्ही विचारलंत: «सोसायट्यांना पाठवायचं पत्र लिहून झालं, की पाठवण्याआधी ते तपासता कसं? यादी हातात असताना वर पुन्हा मोठ्याने वाचायला सांगता, त्याने खरंच काही कळतं का?»

कळतं. त्याचं कारण मुंबईतल्या सोसायटीचा कारभार कसा चालतो त्यात आहे. तुमचं पत्र सेक्रेटरी आधी लोकलमध्ये उभ्याने फोनवर चाळतात. त्यात काही तथ्य वाटलं तर कमिटीच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ते मोठ्याने वाचून दाखवतात. पाणी, लिफ्ट, पार्किंग हे विषय संपलेले असतात, निम्मे लोक उठायच्या बेतात असतात. निर्णय घेणाऱ्या बहुतेकांनी तुमचं पत्र वाचलेलं नसतं, फक्त ऐकलेलं असतं. म्हणून ते आधी आपल्या कानाने ऐकून बघायचं.

नेहमी येणारं एक उदाहरण घेऊ. एका गटाला माहीममधल्या सोसायट्यांच्या आवारात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करायच्या आहेत. महिना जानेवारी 2026. पहिला मसुदा असा:

«महोदय, वाढत्या शहरीकरणामुळे व तंत्रज्ञानाच्या अनिर्बंध वापरामुळे निर्माण होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या गंभीर समस्येच्या पार्श्वभूमीवर आमच्या गटातर्फे रविवार, दि. 17 जानेवारी रोजी आपल्या आवारात संकलन मोहीम राबविला जाणार असून, सर्व प्रकारच्या बॅटऱ्या व उपकरणे स्वीकारली जातील. आपला डेटा पूर्णपणे सुरक्षित राहील. आपण प्रवेशद्वाराजवळ टेबल लावू. आपण सर्वतोपरी सहकार्य कराल ही खात्री आहे.»

आधी यादी, मग वाचन. हा क्रम उलटा करू नये. यादीने तारीख, जागा, आश्वासनं बदलतात आणि त्याबरोबर वाक्यंही बदलतात. आधी वाचून गुळगुळीत केलेलं वाक्य नंतर यादीने मोडलं, तर वाचनाची मेहनत वाया जाते.

माझी यादी लहान आहे. मोठी यादी माणूस दुसऱ्या पत्रापासून डोळे मिटून टिक करायला लागतो. पहिला प्रश्न तारखेचा, आणि तारीख कॅलेंडर उघडून तपासायची, आठवणीने नाही. 17 जानेवारी 2026 ला शनिवार आहे, रविवार 18 ला. वार आणि तारीख जुळत नसेल तर अर्धी सोसायटी एका दिवशी खाली उतरते आणि अर्धी दुसऱ्या. बरं, 18 करून भागतं का? जानेवारीतला तिसरा रविवार मुंबई मॅरेथॉनचा. त्या सकाळी माहीमच्या बाजूचे रस्ते बंद असतात, मग टेम्पो येणार कुठून? पुढचा रविवार 25 चा. सोमवारी प्रजासत्ताक दिन, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी, निम्मी बिल्डिंग गावाला किंवा लोणावळ्याला. म्हणून 1 फेब्रुवारी. त्यात आणखी एक फायदा आहे. पत्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचलं, तर बहुतेक सोसायट्यांची महिन्याची एक मीटिंग मध्ये येते. मीटिंगनंतर पोचलेलं पत्र कितीही चांगलं असलं तरी पुढच्या महिन्यावर जातं. शेवटी त्या रविवारी मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते बघायचं, कारण आपली माणसं लोकलनेच येणार असतात. ही घोषणा मात्र ऐनवेळी होते, त्यामुळे ते पाहणं पत्राच्या नव्हे, आदल्या दिवशीच्या कामात धरा.

दुसरा प्रश्न आश्वासनांचा. पत्रातल्या प्रत्येक ठाम विधानाखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि बाजूला लिहायचं, हे कोण पुरं करणार? «सर्व प्रकारच्या बॅटऱ्या» इथेच अडकतं. ई-कचऱ्याचे सध्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, पण बॅटऱ्यांचे नियम वेगळे आहेत. तुमचा माल उचलणारा रिसायकलर ई-कचऱ्यासाठी नोंदणीकृत असेल, म्हणून तो इन्व्हर्टरची बॅटरी घेईलच असं नाही. त्याला फोन करून विचारा आणि तो जे घेतो तेवढंच लिहा. नाही तर रविवारी कुणीतरी ती जड बॅटरी चौथ्या मजल्यावरून खाली आणतो आणि तुम्ही त्याला परत न्यायला सांगता. त्या सोसायटीत तुमचं पुढचं पत्र कुणी वाचत नाही.

«डेटा पूर्णपणे सुरक्षित» हेही तसंच. दोन टेबलं आणि चार पोती घेऊन बसलेला गट असं वचन देऊ शकत नाही. त्याऐवजी लोकांनी काय करायचं ते सांगावं: फोन द्यायच्या आधी सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढा, फॅक्टरी रीसेट करा. खरं तेवढंच बोललं की कमिटीतला तो एक खोचक प्रश्न विचारणारा सभासदही गप्प बसतो. (असा एक प्रत्येक कमिटीत असतो आणि पत्र त्याला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहावं.)

उरलेल्या गोष्टी पटकन होतात. आधीच्या सोसायटीचं नाव कुठे राहिलं नाही ना, ते शोधून बघा. ते हमखास विषयाच्या ओळीत आणि जोडलेल्या फाइलच्या नावात राहतं, आणि एका गल्लीत एकाच देवाच्या नावाच्या दोन सोसायट्या असल्या तर डोळ्याला कळतही नाही. पत्रातला फोन नंबर वाचून तपासू नका, पत्रातूनच दाबून लावून बघा. ड्राइव्हची लिंक दिली असेल तर ती खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता उघडा. तुमच्या अकाउंटवर ती उघडणारच. सेक्रेटरींच्या फोनवर «Request access» आलं, तर ते परवानगी मागत बसणार नाहीत.

आता वाचन. लॅपटॉपसमोर बसून पुटपुटणं हे वाचन नव्हे. मसुदा फोनवर घ्या किंवा छापा, उभे राहा आणि समोर चार माणसं बसली आहेत असं समजून, त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात वाचा. वाचताना दुरुस्ती करायची नाही, फक्त खुणा. श्वास संपला तिथे आडवी रेघ. जीभ अडखळली तिथे फुली. आणि तोंडातून कागदावरच्यापेक्षा वेगळा शब्द आला तिथे गोल. मला ही तिसरी खूण सगळ्यांत मोलाची वाटते. «प्रवेशद्वाराजवळ» लिहिलेलं असताना तोंडातून «गेटजवळ» आलं, तर पत्रातही गेटजवळच लिहावं.

वरचा मसुदा असा वाचला की पहिल्याच वाक्यात दोनदा श्वास घ्यावा लागतो, आणि मागणी काय आहे ते तोवर कुणाला कळलेलं नसतं. «मोहीम राबविला» कानाला लगेच खटकतं. कुणीतरी «उपक्रम» काढून «मोहीम» घातली आणि क्रियापद तसंच राहिलं. डोळा असल्या चुकीवरून सहज सरकतो. «आपण टेबल लावू» इथे ऐकणारा विचारतो, टेबल आणायचं कुणी? त्या «आपण» मध्ये सोसायटी आहे की नाही? पुढच्याच वाक्यात «आपण सहकार्य कराल» मधला «आपण» तर नक्की सोसायटीचा. लिहिणाऱ्याला अर्थ ठाऊक असतो म्हणून यादीत हे पकडलं जात नाही. «ही खात्री आहे» मोठ्याने म्हटलं की वॉर्ड ऑफिसच्या नोटिशीसारखं वाजतं. परवानगी मागायच्या आधीच ती गृहीत धरलेली कमिटीला आवडत नाही, आणि का आवडत नाही ते ती सांगतही नाही.

स्वतःचं वाचून झालं की ज्याने मसुदा पाहिलेला नाही अशा माणसाकडून तो वाचून घ्या आणि तुम्ही ऐका. तुम्ही वाचता तेव्हा गाळलेला शब्द तुमचं डोकं भरून काढतं आणि जोर कुठे द्यायचा ते तुम्हाला माहीत असतं. परका माणूस जोर चुकीच्या शब्दावर देतो. सेक्रेटरीही तसाच देणार. वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि तीन गोष्टी विचारा: कधी आहे, सोसायटीने काय द्यायचं आहे, होकार कुणाला कळवायचा. एकाही उत्तरासाठी त्याला पुन्हा कागद मागावा लागला, तर ती गोष्ट पत्रात वर आणा.

असं करून तयार झालेला मसुदा:

«नमस्कार. रविवार, 1 फेब्रुवारी रोजी सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळेत तुमच्या सोसायटीच्या आवारात जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करण्यासाठी परवानगी हवी आहे. गेटजवळ दोन टेबलं मावतील एवढी जागा लागेल. टेबलं, पोती आणि चार माणसं आमची असतील. सोसायटीला खर्च नाही. आम्ही मोबाइल, चार्जर, लॅपटॉप, मिक्सर आणि वायरी घेऊ. बॅटऱ्या आणि ट्यूबलाइट घेता येणार नाहीत. फोन देण्याआधी त्यातलं सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढून, फोन रीसेट करून द्यावा. गोळा झालेला माल त्याच दिवशी दुपारी टेम्पोने नोंदणीकृत रिसायकलरकडे जाईल. त्याच्या नोंदणीची प्रत सोबत जोडली आहे. कमिटीचा निर्णय 20 जानेवारीपर्यंत खालील नंबरवर कळवावा, ही विनंती.»

हे वाचायला मिनिटभर लागतं. शहरीकरण गेलं, समस्या गेली, कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. मिनिटाच्या फार वर गेलं तर सेक्रेटरी वाचणं सोडून «कचऱ्याचं काहीतरी आहे» एवढंच सांगतात, आणि ते सारांश कसा करतील ते तुमच्या हातात राहत नाही.

वाचनाने न कळणाऱ्या गोष्टीही आहेत. चुकीचा फोन नंबर कानाला अगदी बरोबर वाटतो. रिसायकलरची नोंदणी संपलेली असली तरी वाक्य सुरेखच वाजतं. जोडायची राहिलेली फाइल तर ऐकूच येत नाही. म्हणून वाचनात काही बदललं असेल, तर बदललेल्या ओळींतले आकडे आणि नावं पुन्हा एकदा यादीला लावा. सगळी यादी परत नको. सेक्रेटरींचा ईमेल पत्ता सगळ्यांत शेवटी, फाइल जोडून झाल्यावर भरायचा. जीमेलमध्ये पाठवलेलं परत ओढायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात आणि मुळात ते 5 वर ठेवलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन 30 करून ठेवा.

एक गोष्ट मुंबईतच विशेष. कमिटीत मराठी, गुजराती, दाक्षिणात्य सगळे असतात आणि सेक्रेटरी मराठी पत्र हातात धरून हिंदीत सांगतात. अशी सोसायटी असेल तर हिंदी मसुदा सोबत जोडा. तोही वेगळा, मोठ्याने, हिंदी घरात बोलणाऱ्याकडून वाचून घ्या, कारण मराठीवरून शब्दाला शब्द लावलेली हिंदी पहिल्या ओळीतच उघडी पडते. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून तारीख, वेळ आणि नंबर बोट ठेवून जुळवा. मराठीत 1 फेब्रुवारी झाली आणि हिंदीत 18 जानेवारीच राहिली, हे फार सहज होतं.