आण्णांचं पाकीट आणि गांधीजींचा चष्मा

इंग्रजीत एक जुना, वापरून वापरून गुळगुळीत झालेला विनोद आहे. एखाद्या चिकट माणसाची चारचौघांत टर उडवायची असली की म्हणायचं, हा गडी इतका कंजूष आहे की यानं पाकीट उघडलं, की नोटेवरचा जॉर्ज वॉशिंग्टन उजेडानं डोळे मिचकावतो. वॉशिंग्टन असतो एक डॉलरच्या नोटेवर. म्हणजे मोठी नोट राहू दे, सुटी नोटसुद्धा बाहेर येत नाही, असा टोमणा.

हा विनोद माझ्याकडे आला तो आमच्या गल्लीतल्या आण्णांच्या पुतण्याकडून. तो बंगळुरात नोकरीला. आण्णांच्या एकसष्टीला शिवाजी पेठेतल्या हॉलमध्ये सत्कार ठरलेला, आणि याच्या डोक्यात, की नुसती शाल-श्रीफळ नको, रोस्ट करू. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबानं ही रीत नावारूपाला आणली. सत्कारमूर्तीला पुढं बसवायचं, जवळच्या माणसांनी एकेक करून त्याचे वाभाडे काढायचे आणि शेवटी त्यानं उठून सगळ्यांना उत्तर द्यायचं. कोल्हापुरात याला मापं काढणं म्हणतात आणि ते कट्ट्यावर रोज, फुकट चालतं. फरक एवढाच की इथं सत्कारमूर्तीला शाल मिळत नाही.

"काका, एवढं मराठीत करून द्या," म्हणून त्यानं स्वतःचा खर्डा पाठवला होता. ‘आण्णा इतके चिकट आहेत की जेव्हा ते पाकीट उघडतात तेव्हा महात्मा गांधी उजेडामुळे डोळे मिचकावतात.’ पोरानं वॉशिंग्टनच्या जागी गांधीजी आणले, हे बरोबरच केलं. १९९६ पासूनच्या आपल्या नोटांवर तेच आहेत. पण वाक्य वाचून मला हसू काही आलं नाही.

पहिली अडचण ‘इतके चिकट आहेत की’ ही. इंग्रजी ऐकणाऱ्याला ती चाल ओळखीची असते, पुढं काय येणार याची तो वाट बघत बसतो. आपल्याकडं मात्र चिकट म्हणून टाकलं की विषय संपला. पेठेतला माणूस म्हणणार, ते ठाऊक हाय, पुढं बोल. म्हणून ते काढलंच. आण्णा चिकट आहेत हे सांगायचं नाही, ते ऐकणाऱ्याला कळू द्यायचं. ‘जेव्हा-तेव्हा’ही गेलं, ‘उघडलं की’ एवढ्यात भागतं.

मग ‘उजेडामुळे’. या शब्दानं विनोद समजावून सांगितला जातो, आणि समजावलेल्या विनोदाला लोक मान डोलावतात, हसत नाहीत. आपलं वाक्य संपतं क्रियापदावर. इंग्रजीत शेवटी ‘उजेड’ आला तरी चालतो, आपल्याकडं शेवटी जे क्रियापद येईल त्यातच गंमत असायला हवी. म्हणून मी लिहिलं, ‘आण्णांनी पाकीट उघडलं, की आतले गांधीजी डोळे चोळतात.’ चोळतात म्हटलं की झोप, अंधार, उजेड सगळं त्यात आलं.

हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती चपात्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "चष्मा लावून डोळं कसं चोळणार?"

बरोबर होतं तिचं. नोटेवरच्या गांधीजींना चष्मा आहे, आणि कोल्हापुरात पुढच्या रांगेतनं हा प्रश्न हमखास आला असता. हशा मग त्या विचारणाऱ्याला. पण त्या चष्म्यानंच काम सोपं केलं. ‘आतले गांधीजी आधी चष्मा पुसून घेतात.’ यात धूळही आली आणि ‘खरंच उघडलं का काय’ हा अविश्वासही आला. वॉशिंग्टनला हे जमलं नसतं, डॉलरवर त्याला चष्मा नाही. राहता राहिली एक डॉलरची गंमत. आपल्या जवळपास सगळ्याच नोटांवर गांधीजी असल्यामुळं ती हरवली होती. तिथं ‘आतले’ काढून ‘दहाच्या नोटेवरचे’ घातलं आणि ती परत आली.

आता मुद्दा आदराचा. इंग्रजीत बाप असो की मित्र, एकच ‘ही’. पुतण्याची शंका अशी की आण्णांना ‘ते’ म्हटलं तर टोमणा बोथट होईल. मला उलटं वाटतं. आपल्याकडं सत्काराच्या भाषणाची स्वतःची एक भाषा आहे, सढळ हात, दिलदार वृत्ती, समाजाचं ऋण. त्याच इस्त्रीच्या आवाजात, अहो-जाहो न सोडता मापं काढली तर जास्त लागतात. अरे-तुरे केलं की नुसतं भांडण दिसतं. तमाशाच्या बतावणीत सोंगाड्या पाटलाला वाकून मुजरा घालतो आणि मुजरा घालता घालताच त्याची अब्रू काढतो, ते काय उगीच नाही. तेव्हा सुरुवात अशी केली, ‘आण्णांच्या दातृत्वाबद्दल मी पामर काय बोलणार!’

एवढ्यावर एक हशा नक्की होता. पण पहिल्याच्या अंगावर दुसरा लगेच टाकला तर तो मोठा होतो. गांधीजी चष्मा पुसतात, आण्णांकडं बघतात आणि विचारतात... काय विचारतात? पुतण्यानं सुचवलं, ‘याच्यापेक्षा येरवडा बरा होता.’ वाईट नव्हतं, गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होतेच. पण ते विचारणं नाही, तक्रार झाली. मी लिहिलं, ‘इंग्रज गेले का?’ तरी ते बसेना. या वाक्यात सगळा दारूगोळा ‘इंग्रज’ या शब्दात आहे आणि तो सुरुवातीलाच फुटतोय, मागं ‘गेले का’ लोंबकळत राहतंय. मघाशी क्रियापद शेवटी असल्याचा फायदा झाला होता, इथं तेच आडवं आलं. पण बोलताना आपण शब्द कुठंही फिरवतो, आणि पेठेत तर फिरवतोच. ‘आण्णा, गेलं काय ओ इंग्रज?’ आधीचं सगळं भाषणाच्या मराठीत आणि गांधीजी एकदम कोल्हापुरीत. ‘ओ’ मात्र राहू दिला. गांधीजी झाले तरी आण्णांना ‘रं’ म्हणणार नाहीत.

बाकी खर्ड्यातलं बरंचसं टाकून दिलं. आईवरून असलेला एक तर वाचून लगेच खोडला. अमेरिकेत त्यावर टाळ्या पडत असतील, आमच्याकडं त्यावर थेट हॉलच्या बाहेर बोलावतात. फोनवरून पैसे देण्यावर एक होता, की आण्णांनी फोन काढला की रेंज जाते. तोही घेतला नाही, कारण तो विनोद नाही, तसं खरंच होतं. आणि आण्णा अजून पाकीटच वापरतात. तपकिरी कातड्याचं, शिवण उसवलेलं, त्याला दुधाच्या पिशवीचं रबर लावलेलं. ते रबर काढायलाच इतका वेळ लागतो की तोवर दुसरा कोणीतरी चहाचे पैसे देऊन मोकळा होतो.

कार्यक्रमात पुतण्या बोलला बरा. चष्म्याला लोक हसले, मग त्यानं क्षणभर थांबून ‘इंग्रज’ टाकला, तेव्हा मागच्या रांगेतनं शिट्टी आली. आण्णांचा चेहरा मात्र मख्ख. पद्धतीप्रमाणं शेवटी ते उठले. शाल सावरली, खिशातनं पाकीट काढलं, रबर सावकाश सोडून मनगटात अडकवलं आणि आत डोकावून बघितलं.

"माझ्याकडं गांधीजी हाईत तरी," ते म्हणाले. "ह्या पोराचं पाकीट बघा. नुसतं आधार कार्ड हाय."