चिंगीचं काकण

फोंड्याजवळच्या एका पाळणाघरात मी मुलांना सांभाळते. दुपारी जेवणं उरकली की चटया पसरायच्या, खिडक्या ओढून घ्यायच्या आणि गोष्ट सांगायची. गोव्यात दुपारची झोप मोठ्यांनाही सुटत नाही, मुलांचा तर तो हक्कच. पण जुलैतल्या त्या दिवशी वीज गेली होती, पंखे बंद होते, पत्र्यावर पाऊस नुसता धोधो कोसळत होता आणि पाच वर्षांचा एक बाबू पिवळा ट्रक पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून बसला होता. सकाळी त्या ट्रकावरून दोघांची मारामारी झाली होती. आमच्या दुसऱ्या टीचरने त्याला जवळ घेऊन समजावलं होतं, "शहाणी मुलं वाटून खेळतात की नाही?" त्यावर त्याने मान डोलावली होती आणि ट्रक आणखी घट्ट धरला होता.

अशा दिवशी ट्रकवाल्या मुलाची गोष्ट सांगून उपयोग नसतो. पाच वर्षांच्या मुलाला 'हे माझ्यावरच चाललंय' हे पहिल्या दोन वाक्यांत कळतं आणि मग तो ऐकतच नाही. माकड-अस्वलाची गोष्ट त्यावर सोपा उपाय वाटते. पण टोरोंटोच्या संशोधकांनी 2017 साली छापलेल्या एका अभ्यासात 4 ते 6 वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याचीच एक गोष्ट काहींना माणसांची म्हणून आणि काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची म्हणून वाचून दाखवली होती. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी उलट पूर्वीपेक्षा कमी. माझाही अनुभव असाच आहे. अस्वल किंवा ससा मुलांना आवडतो खूप, पण त्याचं वागणं ती त्याच्यापाशीच ठेवतात. म्हणून मी माणूसच घेते, मात्र त्याचं नाव वर्गात कुणाचं नसलेलं आणि त्याच्या हातातली वस्तू त्या दिवशीच्या भांडणातली नसलेली.

मी पोदेराला, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याला घेतलं. सायकलचा पों पों हॉर्न आमच्या प्रत्येक मुलाच्या कानात असतो.

चिंगी सोप्यावर बसून पोदेराची वाट पाहते. पों पों. पोदेर येतो, त्याच्या टोपलीवर निळं प्लास्टिक. उंडे, पोळ्या, सगळे पाव संपले. तळाशी एकच काकण उरलेलं, बांगडीसारखा गोल आणि कडक पाव. चिंगी ते खात नाही, मनगटात घालते. हात वर केला की ते कोपरापर्यंत घसरतं, खाली केला की पुन्हा मनगटावर येतं. इथे मी प्रत्येक मुलाला हात वर-खाली करायला लावलं. मग शेजारची आजी दारात येते. तिच्या हातात चहाचा कप, तोंडात दोनच दात. पावसाच्या आवाजात तिला हॉर्न ऐकू आलेला नाही. ती विचारते, "पोदेर येऊन गेलो गे?" आणि कपाकडे बघत बसते. बस्स, एवढंच.

आजी काकण मागत नाही, हे मी मुद्दाम ठेवलेलं असतं. तिने मागितलं तर चिंगीने दिलं काय नि नाही दिलं काय, तो मोठ्यांचं ऐकण्या-न ऐकण्याचा मामला होतो. मागितलंच नाही, तर निवणारा चहा चिंगीला दिसावा लागतो आणि तिच्याबरोबर ऐकणाऱ्यालाही. दुसरी गोष्ट, देण्यात काहीतरी खरोखर जायला हवं. दहा लाडवांतला एक देणं मुलांच्या हिशेबी काहीच नाही. काकण मोडलं की ते खाता येईल, घालता मात्र येणार नाही.

"चिंगीने काकण दोन्ही हातांत धरलं," मी म्हणाले आणि थांबले.

"मोडूं नाका!" भिंतीकडून आवाज आला. ट्रकवाला आता माझ्याकडे तोंड करून बसला होता. एक मुलगी म्हणाली, मोडायला हवंच, आजी उपाशी आहे. दुसऱ्याचं म्हणणं, आजीने बिस्किट खावं. मी कुणालाच बरोबर म्हटलं नाही. इथे 'शाब्बास' म्हटलं की बाकीची पोरं टीचरला आवडणारं उत्तर शोधू लागतात, आणि वाद तिथेच मरतो. ट्रकवाल्याने थोडा वेळ विचार केला आणि तोडगा काढला: "आदीं तिका घराभर भोंवूं दी. घालून. मागीर मोडूं दी."

मी तसंच केलं. चिंगी काकण घालून न्हाणीपर्यंत गेली, तुळशीला दाखवून आली, गोठ्यातल्या गायीला दाखवलं. मग कट्ट. अर्धं आजीच्या चहात बुडालं, फुगलं, मऊ झालं, आणि आजी डोळे मिटून ते चघळत हसली. तिच्या हनुवटीवरून चहाचा ओघळ आला तेव्हा अख्खा वर्ग हसला. चिंगीने उरलेलं अर्धं आजीच्याच कपात बुडवलं. चिंगी गुणी आहे असं मी म्हणत नाही, आजीही म्हणत नाही. देण्यातून काय झालं ते तेवढ्या ओघळात आलेलं असतं.

झोपेच्या गोष्टीत ही जागा मध्यावर यावी लागते, शेवटी नाही. निर्णयाचा क्षण शेवटी ठेवला तर मुलं उठून बसतात आणि मग तासभर कुणी झोपत नाही. पुढचा अर्धा भाग नुसता उतार असतो. प्रश्न नाहीत, नवं माणूस नाही, वाक्यं लांब आणि आवाज खाली. पोदेराचा हॉर्न दुसऱ्या वाड्यावर, मग नदीपलीकडे, मग ऐकू येतोय की पाऊसच आहे ते कळेनासं. चटईवर हलणारे पाय हा माझा काटा. पाय हलत असतील तर पोदेराला आणखी एका वाड्यावर पाठवायचं. त्या दिवशी त्याला बरंच फिरावं लागलं.

ट्रकवाला शेवटपर्यंत जागा होता. हळूच म्हणाला, "टीचर, तिका दुसरें मेळ्ळें?" मी म्हटलं, पोदेराची टोपली रिकामी होती ना. तो गप्प झाला. संध्याकाळी हीच सूचना त्याच्या आईने केली: दुसऱ्या दिवशी पोदेर चिंगीला दोन काकणं देतो असं करा, छान होईल. मी नाही म्हटलं. दोन मिळाली की तो सौदा होतो, आणि मुलं सौदा फार लवकर ओळखतात. नंतर काही दिलं की हात पुढे करून उभी राहतात.

ट्रक? तो त्या दिवशी त्याने कुणालाही दिला नाही. दुसऱ्या दिवशी चार-पाच डब्यांत काकणं आली, सगळ्यांनी मनगटांत घातली आणि एकानेही मोडलं नाही. दुसऱ्या टीचरने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला ते ठीक वाटलं. एका गोष्टीने कुणाचं मन पालटत नाही, आणि त्यांनी गोष्टीतला पहिला भाग तर अगदी नेमका केला होता. त्यानंतर मी मात्र भांडणाची वस्तू लगेच वाटायला लावणं सोडलं. ज्याच्या हातात आहे त्याला ती घेऊन अंगणभर एक फेरी मारू देते, मग विचारते. पुष्कळदा हो येतं. येत नाही तेव्हा आणखी एक फेरी.