माझ्या गाडीला हाक असते

"मास्तर, लालबागच्या स्टॉपवर तुम्ही ते 'या बाबा, जागा राखून ठेवलीय' म्हणायचात, ते मधेच बंद का केलंत? आम्हाला सकाळी तेवढंच ऐकायला बरं वाटायचं."

बेस्टच्या कंडक्टरकीतून निवृत्त झालो तरी हे संपलेलं नाही. परळला भाजी घेताना कुणीतरी जुना पासवाला भेटतो, माझं गुडघ्याचं दुखणं ऐकून घेतो आणि शेवटी याच्यावरच येतो. मी आजवर तीन-चार उत्तरं देऊन बघितली. घसा बसला, गर्दी वाढली, वय झालं. घशाचं उत्तर सगळ्यांना पटतं म्हणून तेच जास्त वापरलं. तिन्हींत थोडं थोडं खरं आहे. आता पूर्ण काय ते लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या माणसाला भाजीच्या गाडीपाशी उभं राहून सांगावं लागणार नाही.

आधी एक गैरसमज काढतो. ती हाक तुमच्यासाठी नव्हतीच. ती एका माणसाला गाडीचा नंबर कळावा म्हणून होती.

६६ नंबरच्या गाडीला माझी सकाळची ड्यूटी होती, सायनहून निघून आंबेडकर रोडने खाली. लालबागला पुलाखाली ते बाबा उभे असायचे. पांढरा शर्ट, कापडी पिशवीत डबा. येईल त्या गाडीला हात करायचे, गाडी थांबली की दारातल्या माणसाला नंबर विचारायचे आणि आपली नसली की मागे सरायचे. एक-दोन ड्रायव्हर त्यांच्यावर खेकसलेलेही मी पाहिले. मला वाटायचं, म्हातारा चक्रम आहे. मग एकदा आमची गाडी सिग्नलला उभी असताना पुढे बघतो तर बाबा एका लाल टेम्पोला हात करतायत. टेम्पोवाला हसत निघून गेला. त्या दिवशी ते चढल्यावर मी विचारलं, "बाबा, दिसत नाही काय?"

म्हणाले, "काचबिंदू आहे. बाजूचं सगळं गेलं, समोरचं धुरकट दिसतं. गाडी दिसते, नंबर दिसत नाही."

हे डोळसालाही समजेल. गाडीच्या कपाळावर नंबर मराठीत असतो, आणि त्या दिव्यांच्या पाटीवर तिरपं ऊन पडलं की ६६ आहे की आणखी काही, हे गाडी नाकासमोर येईपर्यंत कळत नाही. तोवर ड्रायव्हरनं पाय उचललेला असतो. ज्येष्ठांना पुढच्या दारानं चढायची मुभा होती, पण पुढच्या दारात नंबर सांगायला कुणी नसायचं. कंडक्टर मागे.

मी म्हटलं, "उद्यापासून कुणाला विचारू नका. मी मागच्या दारातून हाक मारीन. माझ्या हाकेला चढायचं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते फार थाटात म्हणालो होतो.

नुसतं 'सहासष्ट' ओरडलं तरी चाललं असतं. पण माझा स्वभाव. दुसऱ्याच दिवशी दारातून ओरडलो, "या बाबा, आपली सहासष्ट! जागा राखून ठेवलीय!" जागा कसली, आत पाय ठेवायला फट नव्हती. बाबा दांडा धरून वर आले आणि म्हणाले, "उशीर केलास मास्तर." गाडी हसली. त्यानंतर दोन वर्षं आमचं हे रोजचं ठरलं. मी जागा राखून ठेवलीय म्हणायचं, त्यांनी उशीर केलास म्हणायचं, मी सिग्नलच्या नावानं खडे फोडायचे, आणि कुणीतरी उठून त्यांना खरंच जागा द्यायचं. ते जे.जे.ला उतरायचे. कुठं जायचे, कशासाठी, विचारलं नाही. नावही नाही. यावरून मला बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना मी विचारतो, तुम्ही दहा वर्षं माझ्याकडून तिकीट घेतलंत, माझं नाव काय?

२०१९ च्या जुलैत भाडं उतरलं. आठ रुपयांचं तिकीट पाच रुपये झालं आणि गाड्या भरून वाहायला लागल्या. दुपारी डेपोत पैसे भरताना पाचाच्या नाण्यांनी खांदा खाली यायचा. लालबागपर्यंत अर्धी गाडी बिनतिकिटाची राहिलेली असायची, तरी स्टॉप आला की मी माणसांमधून वाट काढत दारात यायचो. एवढं मी केलं. हे माझ्या बाजूनं लिहून ठेवतो.

आता ३० ऑगस्ट. शुक्रवार होता. सोमवारी गणपती बसणार होते आणि मी रात्रीच्या गाडीनं गावी निघणार होतो. गौरी-गणपती विसर्जनापर्यंत रजा. हाक मारली, बाबा चढले, उशीर केलास म्हणाले. चिंचपोकळी गेली. भायखळ्याला माझ्या डोक्यात आलं की यांना सांगायला हवं, उद्यापासून मी नाही. बाबा तोवर पुढे सरकलेले होते. आमच्या मध्ये चाळीसेक माणसं. ओरडून सांगता आलं असतं. रोज ज्या घशानं ओरडत होतो त्याच घशानं.

नाही सांगितलं.

बरीच वर्षं मी स्वतःला म्हणत आलो की गर्दी होती, कंडक्टरनं आपली रजा गाडीभर जाहीर करायची नसते. तेही बरोबरच आहे. पण त्या वेळी मनात जे आलं ते वेगळं होतं. मनात आलं, चार दिवस हाक ऐकू आली नाही की किंमत कळेल. राग वगैरे काही नव्हता. लहान मूल दाराआड लपतं आणि आई शोधते का ते बघतं, तसलं काहीतरी. छप्पन्न वर्षांचा माणूस मी, आणि हे मनात आलं. जे.जे.ला बाबा पुढच्या दारानं उतरले. मी दोन घंटा दिल्या.

९ तारखेला कामावर परत आलो तर स्टॉपवर बाबा नाहीत. मी काळजी केली नाही. अनंत चतुर्दशीपर्यंत लालबागला काय चालतं हे मुंबईकराला सांगायला नको. डोळे चांगले असलेला माणूसही तिथून चालताना हरवतो. गर्दी ओसरेल, येतील. मी हाक मात्र रोज मारत होतो, न जाणो कुठं खांबामागे उभे असले तर. "या बाबा, आपली सहासष्ट!" आणि खाली कुणी नाही. तुमच्यापैकी काहीजण तेव्हा हसलात. एकानं बाबांच्या आवाजात "उशीर केलास मास्तर" म्हणूनही दाखवलं. मी पण हसलो. पितृपक्ष लागला तरी बाबा आले नाहीत.

मग साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साध्या कपड्यांत त्या स्टॉपवर गेलो. तिथं एक मावशी वेण्या-गजरे घेऊन बसतात. त्यांनी मला आधी ओळखलं नाही. बोललो तसं आवाजावरून ओळखलं.

म्हणाल्या, "अहो, गणपतीच्या आधीच्या शनिवारी उभे होते की बाबा. तुमची गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. मी म्हटलं, बाबा, ही तुमचीच सहासष्ट, चढा. तर म्हणतात, नाही, माझ्या गाडीला हाक असते."

"मग?"

"मग काय? तीन-चार गाड्या सोडल्या. ऊन चढलं. डबा घेऊन परत गेले. सोमवारी गणपतीच बसले. त्यानंतर मी नाही बघितलं."

मी कुठं राहतात विचारलं. त्यांनी पुलाच्या पलीकडे हात केला. बस, तेवढंच.

त्या हाताच्या दिशेनं मी तीन चाळी फिरलो. नाव नाही, फोटो नाही. कमी दिसणारे, पांढरा शर्ट घालणारे बाबा राहतात का, म्हणून विचारत होतो. पहिल्याच चाळीत दोघांची नावं सांगितली, दोघांकडे नेलं, दोघंही ते नव्हते. तिसऱ्या चाळीत एका बाईंनी विचारलं, तुम्ही त्यांचे कोण? मला उत्तर देता येईना. घरी आलो. पुढच्या सुट्टीला पुन्हा जाईन म्हटलं होतं, गेलो नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं, गाडीत फक्त अत्यावश्यक सेवेची माणसं आली, आणि पुन्हा सगळं सुरू झालं तेव्हा रोजचे चेहरे निम्मे बदललेले होते.

माझ्या ड्रायव्हरचं म्हणणं असं की मी उगाच मोठा होतोय. कुणी म्हातारा कंडक्टरच्या हाकेसाठी बाहेर पडणं सोडत नाही. दृष्टी आणखी गेली असेल, सुनेनं बाहेर सोडलं नसेल, गावी गेला असेल. शिवाय तू नव्हतास तेव्हाही तो लोकांना विचारून चढायचाच की. हे शेवटचं तो मला धीर द्यायला म्हणतो, आणि मला नेमकं तेच लागतं. माझ्याआधी बाबा चार शिव्या खाऊन का होईना, विचारून चढत होते. विचारू नका हे मी सांगितलं. गजरेवाली सांगत होती तरी त्यांनी ऐकलं नाही, कारण ऐकायचं ते माझंच, असं आमचं ठरलेलं होतं. मी त्यांच्या हातून विचारायची सवय काढून घेतली आणि रजेवर गेलो.

मग हाक बदलली. तुम्ही जिला 'रेल्वेची अनाउन्समेंट' म्हणायचात ती. "सहासष्ट. भायखळा, जे.जे., क्रॉफर्ड मार्केट." लालबागलाच नाही, प्रत्येक स्टॉपवर. बाबा नाही, जागा नाही, काही नाही. माझ्या बदली येणाऱ्या कंडक्टरलाही सांगायचो, नंबर ओरड, कोण उभं असतं आपल्याला ठाऊक नसतं. काही ओरडायचे, काही मान डोलवायचे. मला वाटलं, अशी कोरडी हाक असली की ती कुणाच्याही तोंडून चालेल, माणूस एकाच्या आवाजाला बांधला जाणार नाही.

बायको म्हणते, असं असेल तर मग तुमच्या कोरड्या हाकेनं एकजण तरी हसला का? नाही हसला. हे मी तिला कबूल केलं. एकदा नायगावच्या स्टॉपवर एक पोरगा काठी टेकत आला होता, माझी अनाउन्समेंट ऐकून बरोबर चढला आणि मला न विचारता उतरला. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, दोन्ही करता आलं असतं. आलं असतं कदाचित. नंबर सगळ्यांसाठी आणि वर एखाद्याला 'या'. तुम्हीही हेच म्हणाल. पण तोंड उघडलं की मला तो शनिवार दिसायचा, तीन-चार गाड्यांचा.

शेवटच्या ड्यूटीला तुम्ही मला पेढे दिलेत आणि लालबाग येताना मागच्या सीटवरून सगळे म्हणालात, मास्तर, आज एकदा म्हणाच. मी दारात गेलो. स्टॉपवर दोन कॉलेजची मुलं, एक बाई, आणि बाजूला वेण्यांची टोपली. म्हणणार होतो, खरंच. तोंडातून "सहासष्ट. भायखळा, जे.जे." एवढंच आलं. मावशींनी मान वर केली, मागच्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा गजरा ओवायला लागल्या. मुलं चढली, बाई चढल्या. मी आणखी थोडा वेळ गाडी धरली, ड्रायव्हरनं आरशात बघितलं, मग दोन घंटा दिल्या.